एका पानाचे वाचन

शाळेच्या स्मरणिकेसाठी एखादा लेख द्यावा, असे संपादक मंडळाने मला कळविले होते. लेख लिहिण्याऐवजी माझ्या हाती आले ते एक वहीचे पान. माझ्या वसतिगृहातील एका मित्राची ही वही. तो आज हयात नाही. त्याच्या मुलीने जुन्या पेटीतून ती काढली आणि मंडळाकडे आणून दिली. त्यांपैकी एक पान निवडून, वाचून, संगणकावर नीट टंकून द्यावे, म्हणजे ते स्मरणिकेत छापता येईल, असे ठरले. मी तीस वर्षे छापखान्यात मुद्रितशोधनाचे काम केले असल्यामुळे हे काम साहजिकच माझ्याकडे आले. एका पानाचे काम, तासाभरात संपेल, असे मला वाटले होते. प्रत्यक्षात त्याला नऊ दिवस लागले, आणि त्या नऊ दिवसांत माझ्या तीस वर्षांच्या सवयीची मला थोडी लाज वाटली. त्याचीच ही हकिकत.

पान सातवीच्या शास्त्र विषयाच्या वहीतले. एकेरी रेघांचे, निळ्या शाईने आणि टाकाच्या निबेने लिहिलेले. कागद पातळ असल्याने मागच्या बाजूची शाई पुढे उमटलेली, आणि त्यामुळे कोणता ठिपका अनुस्वाराचा आणि कोणता मागच्या पानाचा, हे कळेना. यावरचा उपाय छापखान्यात शिकलेला होता. पानाखाली काळा कागद सरकवला की मागची अक्षरे बरीचशी बुजतात. मग खिडकीजवळ पान सपाट ठेवून, प्रकाश वरून न पडता एका बाजूने तिरका पडेल अशा बेताने त्याचे छायाचित्र घेतले. तिरक्या प्रकाशात शाई पुसट झाली असली तरी निबेने कागदावर ओढलेली चर दिसते. या चरीचा मला पुढे फार उपयोग झाला.

पहिल्या बैठकीत मी पान भराभर वाचले आणि मोबाइलवरच टंकून टाकले. पाणी शुद्ध करण्याचा पाठ होता. मडक्यात खाली खडी, तीवर कोळसा, त्यावर वाळू असे थर द्यावेत. गढूळ पाण्यात तुरटी फिरवावी. पाणी उकळावे, झाकण ठेवावे. हे सारे मलाही सरांनी फळ्यावरून उतरवून घ्यायला लावले होते. ओळखीचा मजकूर असल्याने कोठे अडलोच नाही. न अडणे हेच वाईट लक्षण असते, हे मी नव्या मुद्रितशोधकांना अनेकदा सांगितले आहे. स्वतःला सांगायचे मात्र राहून गेले.

दुसऱ्या दिवशी तपासायला बसलो तेव्हा पहिली अडचण आकड्याची आली. पाणी किती वेळ उकळावे? पानावरचा आकडा ‘१०’ही वाटे आणि ‘९०’ही वाटे. हाताने लिहिलेल्या देवनागरीत एक आणि नऊ यांच्यात फरक असतो तो वरच्या गाठीचा आणि शेपटीच्या वळणाचा, आणि घाईत लिहिणारा मुलगा दोन्ही सारखीच काढतो. नव्वद मिनिटे कोणी पाणी उकळत नाही, म्हणून ‘१०’ टंकावे हे उघड होते. पण अर्थावरून आकडा ठरवण्याची सवय चांगली नाही. अर्थ आपल्याला आज जो सुचतो तो लिहिणाऱ्याच्या मनात होताच असे नसते. म्हणून मी त्याच पानावर असा एखादा आकडा शोधू लागलो, की ज्याच्याबद्दल शंका घेण्यास जागाच नसेल.

तो पानाच्या डोक्यावर सापडला. तेथे तारीख होती आणि तिच्यापुढे ‘शुक्रवार’ असे लिहिले होते. महिना जुलै, साल ७४, हे स्पष्ट होते. दिवस ‘११’ होता की ‘१९’? १९७४ सालच्या जुलैत ११ तारखेला गुरुवार येतो आणि १९ तारखेला शुक्रवार. तेव्हा तारीख १९ हीच. म्हणजे या मुलाच्या हातचा एक खात्रीचा ‘१’ आणि त्याच्याच शेजारी एक खात्रीचा ‘९’ मला मिळाला. त्याच्या ‘९’ची शेपटी खाली येऊन उजवीकडे वळत होती, ‘१’ची शेपटी सरळ डावीकडे उतरत होती. उकळण्याच्या आकड्याची शेपटी डावीकडे उतरणारी निघाली. ‘१०’ हेच खरे ठरले. उत्तर तेच आले, पण आता ते मी मानलेले नव्हते, त्याने लिहिलेले होते.

यावरून पुढे साऱ्या पानाचाच असा तक्ता करावा असे ठरविले. ज्या शब्दांबद्दल वाद होऊच शकत नाही, अशा शब्दांतील अक्षरे मोठी करून एका कागदावर ओळीने मांडायची. ‘वाळू’मधला ळ, ‘कोळसा’मधला स, ‘खडी’मधला ख. आपल्या लिपीत फसवणाऱ्या जोड्या ठरलेल्या आहेत. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ब आणि व. आणि ख तर र व सुटा लिहिल्यासारखा दिसतो. त्यातही चुकीचे वाचन निरर्थक निघाले तर भीती नसते. ‘खडी’ला कोणी ‘रवडी’ वाचले तरी मन लगेच अडखळते. भय असते ते चुकीचे वाचनही शब्दच असेल तेथे. ‘धार’ आणि ‘घार’, ‘भाग’ आणि ‘माग’, दोन्ही मराठीच. तेथे मन अडखळत नाही, आणि चूक पुढे छापली जाते.

माझी चूक नेमकी अशीच होती. पानाच्या चौदाव्या ओळीत मी टंकले होते, ‘जिऱ्याचे पाणी गढूळ नसते’. जिऱ्याचे पाणी घरोघर पितात. पाण्याच्या पाठात मुलाने काही घरगुती गोष्ट लिहिली असेल, असे समजून मी पुढे गेलो होतो. तक्ता झाल्यावर त्या पहिल्या अक्षरापाशी थांबलो. पानावर खात्रीचे ज होते आणि खात्रीचे झही होते. ‘झाल्यावर’ आणि ‘झाकण’ हे शब्द तेराव्या ओळीच्या आतच येऊन गेले होते. या मुलाचा झ म्हणजे त्याच्या ज सारखेच वळण, पण खाली लोंबणारी एक शेपटी जास्तीची. ‘जिऱ्याचे’ या शब्दात शेपटी दिसत नव्हती. मात्र हा शब्द लिहिताना त्याचा हात किंचित खाली घसरला होता, आणि जेथे शेपटी यायची, बरोबर तेथून वहीची छापील निळी रेघ जात होती. निळ्या रेघेवर निळी शाई. पान पुन्हा तिरक्या प्रकाशात धरले. छापील रेघेला चर नसते, निबेला असते. रेघेच्या अंगाने एक बारीक चर डावीकडून येऊन वळलेली स्पष्ट दिसली. अक्षर झ होते.

जिरे नव्हे, झिरा. नदीच्या किंवा ओढ्याच्या कोरड्या पात्रातील वाळू उकरून जो खड्डा करतात आणि ज्यात हळूहळू पाणी पाझरून येते, तो झिरा. एका शेपटीने स्वयंपाकघरातला मसाला जाऊन त्या जागी सारे नदीपात्र आले.

आता हा शब्द टंकायचा कसा, हाही एक प्रश्नच होता. ‘झिऱ्याचे’ मधला जो अर्धा र आपण य च्या अगोदर आडव्या कोयरीसारखा काढतो, तो मराठीला जपावाच लागतो. ‘सूर्य’ मधला रफार वेगळा आणि ‘झिऱ्याचे’ मधला र वेगळा, उच्चारही वेगळा. साधा र, हलन्त आणि य असे टंकले तर संगणक आपण होऊन रफार देतो आणि ‘झिर्याचे’ असा शब्द उमटतो. इन्स्क्रिप्ट कळफलकावर यासाठी नुक्त्याचा र वापरावा लागतो. त्याची कळ `Shift`+`J`; मग हलन्ताची `D`, मग य. युनिकोडमध्ये या र चा क्रमांक `U+0931` आहे. हेच रूप दुसऱ्या एका खटपटीनेही उमटविता येते, आणि डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. पण एकाच मजकुरात दोन्ही पद्धती मिसळल्या, तर शब्द शोधताना अर्धे शब्द सापडत नाहीत. म्हणून सुरुवातीला एक पद्धत ठरवावी आणि शेवटपर्यंत तीच ठेवावी.

ओळींचीही एक गंमत सांगण्याजोगी आहे. वहीच्या कडेला जागा संपली की मुले शब्द तोडतात आणि जोडरेघ देत नाहीत. या पानावर बारावी ओळ ‘गाळू’ येथे संपते आणि तेरावी ओळ ‘न प्यावे’ अशी सुरू होते. पाणी थंड झाल्यावर गाळून प्यावे, असे त्याला म्हणायचे आहे. पण कोणी ओळी जशाच्या तशा ठेवून टंकले, तर छापलेल्या पानावर तेरावी ओळ सांगेल की पाणी न प्यावे. म्हणून मी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. तपासण्यासाठी एक प्रत ओळवार, प्रत्येक ओळीला क्रमांक देऊन. आणि छापण्यासाठी दुसरी प्रत, तुटलेले शब्द जोडून सलग. पहिलीवरून दुसरी केव्हाही करता येते. दुसरीवरून पहिली करता येत नाही.

येथवर सारे कसबाचे होते. पुढे जे झाले ते कसबाच्या बाहेरचे.

ओळवार प्रत तपासताना मी शेवटच्या ओळीपासून वर वाचत येतो. उलटे वाचले की वाक्याचा अर्थ लागत नाही आणि डोळ्याला निमूटपणे अक्षरेच पाहावी लागतात. असे वाचत असताना पंधराव्या ओळीतल्या ‘पाणी’ या शब्दापाशी बोट थांबले. तेथे ण नव्हता. न होता. मुलाने ‘पानी’ लिहिले होते. मी ‘पाणी’ टंकले होते. चौदावी ओळ पाहिली, तेथेही तेच. मोबाइलवर टंकताना ‘पान’ इतके उमटताच पुढचा शब्द तो आपणच सुचवितो, आणि मी न पाहता तो स्वीकारला असणार. पण सगळा दोष मोबाइलला देता येत नाही. मी वाचलेच ‘पाणी’ होते. तीस वर्षे ज्या डोळ्यांनी न चा ण केला, ते डोळे आता लिहिलेला न पाहायलाच तयार नव्हते.

सूचना देणारी सोय बंद केली, संगणकावर बसलो आणि सारे पान अक्षर न् अक्षर पुन्हा टंकले. मग चौदावी ओळ आणि तिच्या पुढचा मजकूर असा निघाला:

‘झिऱ्याचे पानी गढूळ नसते. वरून वाहनारे पानी गढूळ असते. वाळूतून पानी आत येते मनून ते साफ होते.’

वरच्या तेरा ओळींत हा शब्द पाच वेळा आला आहे आणि पाचही वेळा ‘पाणी’ असाच, शुद्ध. चौदाव्या ओळीपासून तीन वेळा येतो आणि तीनही वेळा ‘पानी’. मध्ये मथळा नाही, नवा परिच्छेद नाही, शाई तीच, हात तोच. मग एकाच मुलाने एकाच तासाला एकच शब्द दोन तऱ्हांनी का लिहावा?

उत्तर कळायला वेळ लागला नाही. वरच्या तेरा ओळी फळ्यावरच्या होत्या. त्या त्याने डोळ्यांनी उतरवल्या होत्या. चौदाव्या ओळीपासून फळा संपला होता आणि तो स्वतः लिहीत होता, म्हणजे आपल्या घरच्या बोलीत ऐकत ऐकत. मडक्यातले खडी, कोळसा, वाळूचे थर लिहिता लिहिता त्याला आपल्या गावचा झिरा आठवला होता. सरांचे मडके जे करते तेच नदीची वाळू करते, हे कोणी न सांगता तेरा वर्षांच्या मुलाने जोडले होते. त्याचा स्वतःचा विचार कोठे सुरू होतो, हे त्या पानावर एकाच खुणेने कळत होते, आणि ती खूण म्हणजे त्याची ‘अशुद्धे’. मी टंकलेल्या पहिल्या, स्वच्छ प्रतीत ती खूण पुसली गेली होती. त्या प्रतीत सगळ्या एकवीस ओळी एकाच पाठाच्या वाटत होत्या.

सरांना मात्र ती दिसली होती. त्यांनी लाल शाईने तिन्ही न भोवती गोल केले आहेत, वर ण लिहिला आहे, ‘मनून’चे ‘म्हणून’ केले आहे. आणि खाली शेरा आहे: ‘निरीक्षण चांगलें. कोठें पाहिलें तें लिही.’ हे अनुस्वारही मी तसेच ठेवले. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम १९६२ साली आले आणि न उच्चारले जाणारे असे अनुस्वार गेले. पण त्या अगोदर शिकलेल्या हातांतून ते पुढेही बरीच वर्षे उतरत राहिले. मुलाच्या शाईत नवे नियम आहेत आणि गुरुजींच्या शाईत जुने. शिष्याचा न दुरुस्त करणारे सर आजच्या नियमांनी स्वतःही चुकतच होते. हे लक्षात आल्यावर मला पहिल्यांदा त्या वहीपुढे हसू आले.

शेऱ्याच्या खाली, पानाच्या अगदी तळाशी, शिसपेन्सिलीने त्याने उत्तर दिले आहे. शिसे झिजून गेले आहे; येथेही चरीवरूनच वाचावे लागले. पहिल्यांदा मी ‘वाड्यात’ वाचले होते. पण तेथे काना नव्हता आणि अक्षर ड नसून ढ होते. मजकूर एवढाच: ‘आमच्या गावच्या वढ्यात. ७२ साली.’

१९७२ चा दुष्काळ मी पाहिला आहे. त्या साली ओढ्यात झिरा खणून पाझर जमा होईपर्यंत घागर घेऊन बसलेली मुले कोण होती, हे मला कोणी सांगायला नको. त्या मुलांपैकी एक पुढे या वसतिगृहात माझ्या शेजारच्या ट्रंकेवर अभ्यासाला बसत होता, आणि हे त्याने मला कधी सांगितले नव्हते. शास्त्राच्या सरांनी विचारले, म्हणून त्याने लिहिले.

मंडळाच्या बैठकीत मी ओळवार प्रत वाचून दाखवली तेव्हा मतभेद झाला, आणि तो होणे योग्यच होते. एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, “स्मरणिका लोकांच्या हातात जाणार. आमच्या शाळेतल्या मुलाला पाणी लिहिता येत नव्हते, असे त्यांनी म्हणावे काय? आयुष्यभर आपण हे ऐकून घेतले आहे. निदान आपल्या पुस्तकात तरी शुद्ध छापू.” त्यांचे म्हणणे मला खोडून काढता आले नाही. माझ्याही वह्यांतून न भोवती लाल गोल होते. वर्गात ‘पानी’ म्हटल्यावर उठलेले हसू मला आजही ऐकू येते, आणि मुद्रितशोधक होण्यामागे त्या हसण्याचा काही वाटा असेल, असे मला वाटत आले आहे.

मी एवढेच म्हणालो, “शुद्ध केले तर हे पान सरांचे होईल. पाठ्यपुस्तकातही हेच छापलेले आहे. त्याचे जे आहे ते चौदाव्या ओळीपासून आहे, आणि ते न मध्ये आहे.”

त्याची मुलगी बैठकीला आली होती. ती मराठीची शिक्षिका आहे. तिने प्रत हातात घेऊन पुन्हा वाचली आणि म्हणाली, “काका, बाबा घरात शेवटपर्यंत पानीच म्हणायचे. आम्ही त्यांना हसायचो.” नंतर ती बराच वेळ काही बोलली नाही.

शेवटी असे ठरले की दोन्ही पाठ छापायचे. डावीकडे मूळ पाठ, जसा आहे तसा; मुलाचा न, सरांचे जुने अनुस्वार, सारे कायम. सरांच्या दुरुस्त्या त्यात मिसळल्या नाहीत; त्या लाल अक्षरांत, ओळीच्या वर. शिसपेन्सिलीची ओळ तिरप्या अक्षरांत. ज्या एका शब्दाबद्दल अजूनही माझी खात्री पटलेली नाही, तो चौकटी कंसात प्रश्नचिन्हासह ठेवला आहे; विसाव्या ओळीत तो वाचकाला दिसेल आणि कोणाला लागल्यास त्याने मंडळास कळवावे. उजवीकडे तोच मजकूर आजच्या लेखननियमांप्रमाणे, शाळेतील मुलांना सहज वाचता यावा म्हणून. दोन्ही युनिकोडमध्ये आहेत, त्यामुळे पुढे कोणाला शोधायचे झाल्यास ‘झिरा’ही सापडेल आणि ‘वढा’ही. दोन्ही पानांच्या मध्ये मूळ पानाचे छायाचित्र आहे. ज्याला आमच्या वाचनावर विश्वास नसेल, त्याने स्वतः पाहून घ्यावे.

वही परत देताना मी तिच्या पानाखालचा काळा कागद काढून घेतला. मागच्या पानावरची अक्षरे पुन्हा पुढे उमटून आली. मागच्या पानावर पुढचा पाठ आहे, हवेचा दाब. त्या पानाच्या शेवटच्या तीन ओळींत ‘आनि’ असे दोनदा आले आहे. ते पान अजून कोणी वाचलेले नाही.